पहिल्या ऑफरचा आकडा कमी आला तर

प्रश्न : माझं मेकॅनिकलचं बी.ई. यंदाच झालं. अंबडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीसाठी मुलाखत दिली आणि निवड झाली. आज एचआर मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "दोन लाख चाळीस हजार सीटीसी, उद्यापर्यंत कळवा." मला तीन लाख तरी मिळतील असं वाटलं होतं. गाव चांदवड, त्यामुळे नाशिकला खोली घ्यावी लागेल. पहिलीच नोकरी आहे, जास्त मागितलं तर ऑफर काढून घेतील का? आणि कमी आहे हे सांगायचं कसं?

उत्तर :

काढून घेत नाहीत. सव्वीस वर्षं सातपूर, अंबड आणि गोंद्याच्या कारखान्यांत एचआरचं काम केलं. त्यात दिलेली ऑफर मी दोनदाच मागे घेतली. एकाची मार्कशीट खोटी निघाली, आणि दुसऱ्याने दुसऱ्या कंपनीचं लेटर घरी संगणकावर बनवून आणलं होतं. नीट शब्दांत एकदा जास्त मागितलं म्हणून कुणाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. तुझी निवड होईपर्यंत कंपनीने दहाबारा बायोडेटा चाळलेत, क्वालिटी हेडचा अर्धा दिवस मुलाखतींत गेलाय. दीड-दोन हजारांसाठी ते सगळं पुन्हा करायची हौस कुणालाच नसते. फार तर "जमणार नाही" असं उत्तर येईल, आणि ऑफर होती तिथेच राहील.

पण मागण्याच्या आधी एक काम आहे. "दोन चाळीस" हा पगार नव्हे. कंपनीला वर्षभरात तू कितीला पडतेस, त्याचा तो आकडा आहे. त्याला हो किंवा नाही म्हणण्यात अर्थच नाही, कारण हातात काय येणार हे त्यावरून कळत नाही. म्हणून आज फक्त एवढंच कळव: "मॅडम, निवड केल्याबद्दल आभार, काम मला करायचंय. पगाराचा ब्रेकअप मेलवर पाठवाल का? तो बघून उद्या पाचपर्यंत नक्की सांगते." हे मागायला लाजू नकोस. ब्रेकअप एचआरच्या एक्सेलमध्ये तयारच असतो. तो द्यायला कुणी फार टाळाटाळ केली, तर तीही एक माहितीच समज.

आता तो साधारण कसा दिसेल ते बघू. महिन्याचे झाले 20,000. समज त्यात बेसिक 11,000, घरभाडे भत्ता 3,300 आणि इतर भत्ता 2,400. याची बेरीज 16,700, हा तुझा ग्रॉस. मग वरचे तीन हजार तीनशे कुठे गेले? कंपनीच्या वाट्याचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के म्हणजे 1,320. कंपनीच्या वाट्याचं ईएसआय, म्हणजे कामगारांच्या उपचारांचा सरकारी विमा, ग्रॉसच्या 3.25 टक्के म्हणजे 543. ग्रॅच्युइटीपोटी 4.81 टक्क्यांनी 529. आणि बोनस 8.33 टक्क्यांनी 916. सगळं धरून 20,008 होतात. आठ रुपये सोडून दे, एचआरच्या शीटमध्ये ते कुठेतरी बसवलेले असतात.

या 16,700 मधूनही तुझा स्वतःचा पीएफ 1,320 आणि ईएसआय 0.75 टक्के म्हणजे 126 कापले जातील. व्यवसाय कर तुला लागणार नाही, कारण महाराष्ट्रात महिलांना महिना 25,000 पर्यंत तो माफ आहे. तुझ्याबरोबर लागलेल्या मुलाचे मात्र महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 जातील. म्हणजे खात्यावर येणार 15,254. वीस हजार ऐकून तू खोली बघायला निघालीस आणि हातात सव्वापंधरा हजार पडले, अशी गत होते. पाथर्डी फाट्याला किंवा सिडकोत कॉट बेसिसवर जागा बघताना हाच आकडा डोक्यात ठेव.

यातल्या दोन रकमांबद्दल पहिल्या नोकरीवाल्यांना हमखास गैरसमज असतो. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं सलग नोकरी झाल्यावर मिळते. तू तीन वर्षांनी पुण्याला गेलीस, तर सीटीसीत धरलेले ते वर्षाचे सहा हजार तीनशे तुझ्यासाठी नुसते कागदावरचे. आणि बोनस आर्थिक वर्षाचा असतो, मार्चला वर्ष संपलं की तो सहसा पुढच्या दिवाळीला वाटतात. तू जुलैत लागलीस तर या दिवाळीला वाटला जाणारा बोनस मागच्या वर्षाचा असेल, आणि तेव्हा तू कॉलेजात होतीस. पहिल्या दिवाळीला मिठाईचा डबा मिळेल, बोनस पुढच्या दिवाळीला. पीएफचं तसं नाही. कापलेला आणि कंपनीने भरलेला, दोन्ही पैसे तुझ्याच नावावर जमा होतात, फक्त कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शन खात्यात जातो. काही कंपन्या घरभाडे भत्ता सोडून बाकी सगळ्यावर पीएफ कापतात. तशाने हातात थोडे कमी येतात, पण त्यात फसवणूक काही नाही.

ईएसआय कापलं जातं म्हणून बरेच जण कुरकुरतात. 126 रुपयांत तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचेही उपचार त्यात बसू शकतात, आणि सातपूरला त्याचं रुग्णालय आहे. ग्रॉस 21,000 च्या वर गेला की ही सोय बंद होते. आज तुझा आकडा त्याच्या बराच खाली आहे. पण कधी कुणी 20,800 चे 21,300 करून देतो म्हणालं, तर त्या पाचशेच्या बदल्यात काय जातंय ते आधी बघ आणि कंपनीचा वेगळा मेडिक्लेम आहे का ते विचार.

ब्रेकअप हातात आला की पुढचा प्रश्न, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा: हा आकडा तुझ्यासाठी ठरलाय की बॅचसाठी?

मोठ्या कंपन्या एका वेळी वीस-चाळीस ट्रेनी घेतात. त्यांचा ग्रेड मुख्य कार्यालयातून ठरून येतो. नाशिकच्या प्लांटमधल्या एचआरच्या हातात त्यातला एक रुपयाही नसतो. तुला पाचशे वाढवले तर उरलेल्या एकोणचाळीस जणांना काय सांगायचं? अशा ठिकाणी आकड्यावर घासाघीस करून काही निघत नाही. तिथे विचारायचं ते वेगळं: ट्रेनिंग किती महिन्यांचं, कन्फर्म झाल्यावर ग्रेड कोणता, बस कुठून सुटते, कॅन्टीनचे किती कापतात.

तुझी कंपनी तशी वाटत नाही. क्वालिटीची एकच जागा, मुलाखत हेडने घेतलेली, फोन थेट एचआर मॅडमचा. बहुधा दीडदोनशे माणसांचा मोठ्या कंपनीला माल पुरवणारा कारखाना असेल, आणि तिथे शेवटचा शब्द मालकाचा किंवा प्लांट हेडचा. अशा कारखान्यात मॅडमना "दोन चाळीसला बघा, नाहीच जमलं तर दोन साठपर्यंत" असं तोंडी सांगितलेलं असतं. मीही वर्षानुवर्षं असंच खिशात थोडं ठेवून बोलायचो. फ्रेशरसाठी महिन्याला हजार ते दोन हजार इतकीच ती जागा असते. म्हणजे तीन लाख इथे निघणार नाहीत, हे आधीच मान्य कर. वीसचे पंचवीस करा म्हणालीस, तर मॅडम पुढे कुणाला विचारणारसुद्धा नाहीत. विचारण्याजोगा आकडा तोच, जो घेऊन त्यांना साहेबांच्या केबिनमध्ये जाता येईल.

खात्री करायची तर सरळ विचार: "मॅडम, या पोस्टला एकच जण घेताय की बॅच आहे?" यात वावगं काही नाही. त्याच दमात आणखी एक विचारून घे: "लेटर कंपनीच्या नावाने मिळेल ना?" अंबड-सातपूरला कितीतरी मुलं वर्षभर एका कंपनीच्या गेटने आत जातात आणि पगार कॉन्ट्रॅक्टरकडून घेतात. मुलाखत कंपनीने घेतली म्हणून लेटर कंपनीचंच असेल असं नाही. लेटरमध्ये पगाराऐवजी स्टायपेंड आणि अप्रेंटिस हे शब्द असतील, तर प्रकरण निराळंच. अप्रेंटिसला पीएफ आणि ईएसआय लागू नसतं, आणि मुदत संपल्यावर घेतीलच याची हमी नसते. तिथे आकड्यापेक्षा "मागच्या बॅचमधले किती जण कायम झाले" हे विचारण्यात जास्त फायदा आहे.

मग किती मागायचं? मागच्या दोन वर्षांत कॉलेजातून नाशिकच्याच कारखान्यांत क्वालिटीला लागलेले तीन-चार सीनिअर गाठ, आणि सीटीसी नव्हे, ग्रॉस विचार. सीटीसी विचारलास की प्रत्येक जण आपल्या कंपनीच्या पद्धतीचा फुगवलेला आकडा सांगतो, त्याची तुलना होत नाही. समज उत्तरं आली 17,000, 18,500 आणि 19,000. मग तू 19,500 मागावंस. 16,700 च्या मानाने ते सतरा टक्क्यांच्या आसपास वाढीव आहे. ऐकणाऱ्याला जास्त वाटेल, पण हसू येणार नाही. अठराच्या पुढे काही मिळालं तर मनातून खूश व्हायचं. आणि याच्या खाली जायचं नाही असा एक आकडा खोली, डबा, चांदवडला येण्याजाण्याचं भाडं मांडून आजच कागदावर लिहून ठेव. तो कुणाला सांगायचा नाही.

आता कारण. एचआरला कारण स्वतःसाठी नको असतं, साहेबांना सांगायला हवं असतं. "नाशिकला खोली घ्यावी लागते", "मैत्रिणीला पुण्यात चार लाख मिळाले", "शिक्षणाचं कर्ज आहे" ही कारणं खरी असली तरी साहेबांसमोर चालत नाहीत. खोली सगळ्यांनाच घ्यावी लागते, आणि पुण्याचं नाव काढलं की "मग पुण्यालाच जा ना" हे उत्तर तयार असतं. चालतं ते कामाचं कारण. तू इंटर्नशिपमध्ये सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर हात चालवला असशील, ड्रॉइंगवरच्या जीडी अँड टीच्या खुणा वाचता येत असतील, ग्राहकाच्या मंजुरीसाठीची पीपीएपीची फाईल लावायला मदत केली असशील, तर ते सांग. क्वालिटी हेडच्या कानाला ते लगेच कळतं, कारण नव्या पोराला हे शिकवण्यात त्याचे तीन-चार महिने जातात. यातलं काहीच नसेल तर "पुढच्या सोमवारी जॉइन होते" हेही कारण आहे. जागा रिकामी असते तेव्हा लवकर येणाऱ्या माणसाची किंमत असते.

दुसरी ऑफर असेल तर सांग, नसेल तर अजिबात सांगू नकोस. अंबड आणि सातपूरचे एचआरवाले एकमेकांना ओळखतात, त्यांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. "अमुक कंपनीत झालंय" म्हटलं की दहा मिनिटांत खरंखोटं कळतं. आणि लेटर दाखवा म्हणाले तर काय करशील?

फोन शक्यतो अकराच्या आसपास कर. सकाळी प्रॉडक्शनची मीटिंग असते, आणि चारनंतर गेटपास आणि रजांची गर्दी. आईवडिलांना बोलायला लावू नकोस. बापाचा फोन आला की एचआर आदराने बोलतो आणि आकडा जिथल्या तिथे ठेवतो. बोलणं साधारण असं होईल.

"मॅडम, ब्रेकअप बघितला. ग्रॉस 16,700 होतोय आणि हातात पंधरा हजार दोनशे. माझं सहा महिन्यांचं इंटर्नशिप सीएमएमवर झालंय, त्यामुळे मला सुरुवातीपासून इन्स्पेक्शनला बसवता येईल. ग्रॉस 19,500 करता आला तर मी आजच होकार देते आणि सोमवारी जॉइन होते."

एवढं बोलून थांबायचं. थांबणं हेच सगळ्यात कठीण जातं. समोरून दोनचार सेकंद काही ऐकू आलं नाही की मुलं घाबरतात आणि स्वतःच म्हणतात, "नाही जमलं तरी चालेल हं मॅडम." झालं, मॅडमना काही करायची गरजच उरली नाही. ती शांतता त्यांना विचार करायला हवी असते.

मग बहुतेक "फ्रेशर्सना आम्ही इतकंच देतो" हे येईल. त्यावर वाद नको. "हो मॅडम, समजू शकते. पण यात काही करता येईल का, साहेबांना एकदा विचारून सांगाल?" असं म्हण. साहेबांना विचारून सांगा म्हटलं की त्यांना लगेच नाही म्हणणं जड जातं. दुसरं येऊ शकतं, "तुमची कमीत कमी अपेक्षा किती?" इथे कागदावरचा खालचा आकडा सांगायचा नाही. "मला 19,500 योग्य वाटतात. तुम्ही कुठपर्यंत येऊ शकता ते सांगा." तिसरं, "आत्ता जॉइन व्हा, सहा महिन्यांत बघू." याचं काय करायचं ते पुढे सांगतो.

समज दुपारी फोन आला, "साहेबांनी 18,300 केले." हे कसे वाढले ते बघ. बहुतेक वेळा वाढ इतर भत्त्यात करतात, बेसिक 11,000 च राहतो. त्यामुळे पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस हलत नाहीत, आणि कंपनीला 1,600 ची वाढ महिन्याला 1,652 ला पडते. तुझ्या हातात 16,842 येतात. सीटीसी 2,59,920, म्हणजे तोच तो "दोन साठ". बेसिकमध्ये वाढ मागितलीस तर पीएफ वाढतो, पण कंपनीला तीच वाढ दोन हजारांच्या आसपास पडते, मग तुला देताना ते आकडा खाली आणतात. पहिल्या नोकरीत मी भत्त्यात घे म्हणेन. एक लक्षात ठेव, 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर जास्तीचा भाग वेतनात धरला जातो. 18,300 मध्ये 11,000 बेसिक आहे, म्हणजे तुला काळजी नाही. पण बेसिक सहा हजार आणि भत्ते बारा हजार असा ब्रेकअप आला तर प्रश्न विचार.

अठरा-तीनशे मिळाले की पुन्हा मागू नकोस. "धन्यवाद मॅडम, मला मान्य आहे, लेटरची वाट बघते." एकदा मागितलं की व्यवहार होतो. तिसऱ्यांदा मागितलं की क्वालिटी हेडपर्यंत "पोरगी जरा अवघड दिसते" अशी बातमी जाते, आणि तुला रोज काम त्याच्याच हाताखाली करायचंय.

आणि मॅडम म्हणाल्या, "नाहीच होत, 16,700 च"? तर पैशाऐवजी मुदत माग. "मग मॅडम, ट्रेनिंगचा काळ एक वर्षाऐवजी सहा महिने ठेवता येईल का? आणि कन्फर्म झाल्यावर ग्रॉस किती होईल तो आकडा लेटरमध्ये येईल का?" यासाठी आजच्या बजेटमधून काही द्यावं लागत नाही, म्हणून हे सहसा मिळतं. मात्र ते लेटरमध्येच हवं. निदान मेलवर हवं.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतोय. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी गोंद्याच्या एका कारखान्यात मी एका मुलाला तोंडी शब्द दिला, "सहा महिने काढ, दोन हजार वाढवतो." प्लांट मॅनेजरलाही ते माहीत होतं. पाचव्या महिन्यात तो मॅनेजर सोडून गेला. नवीन आलेल्या साहेबांसमोर मी त्या मुलाची फाईल ठेवली. त्यांनी विचारलं, "कुठे लिहिलंय?" फाईलमध्ये काही नव्हतं. मुलाला सातशे मिळाले. तो काही बोलला नाही, दोन महिन्यांनी दुसरीकडे गेला. त्यानंतर मी तोंडी शब्द देणं बंद केलं. पण सगळे बंद करत नाहीत. तोंडी काही ठरलं तर त्याच संध्याकाळी तूच मेल टाक: "आजच्या बोलण्याप्रमाणे, सहा महिन्यांनी कन्फर्मेशन आणि त्यानंतर ग्रॉस 19,000, असं मी समजते. हे बरोबर आहे ना?" समोरून "ओके" आलं तरी पुरे.

लेटर आल्यावर पगाराखेरीज दोन गोष्टी बघ. पहिली, शिफ्ट किती तासांची. मुलाखतीत कुणी सांगत नाही आणि जॉइन झाल्यावर कळतं की बारा तासांची आहे. महिन्याला 26 दिवस आणि आठ तास धरले तर 16,700 म्हणजे तासाला ऐंशी रुपये. तेच बारा तास केलेस तर साडेत्रेपन्न. ओव्हरटाइमबद्दल विचारलंस की "तुम्ही स्टाफमध्ये आहात, स्टाफला ओव्हरटाइम नसतो" हे उत्तर ठरलेलं. म्हणून आधीच विचार. दुपारची किंवा रात्रीची पाळी असेल तर बस कुठपर्यंत सोडते तेही विचार. अंबडहून रात्री साडेअकराला रिक्षाने परतायचं झालं तर तुला मिळालेली वाढ रिक्षावालाच घेऊन जाईल.

दुसरी, बाँड. दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर अमुक रक्कम भरा, असं कलम असू शकतं. बाँड म्हटलं की तो बेकायदा, असं मुलं समजतात. तसं नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड योग्य ठरवला. पण तुला कंपनी बाहेर पाठवून खर्चाचं प्रशिक्षण देणार नसेल, तर रक्कम कशाच्या बदल्यात, हे विचारायला हरकत नाही. दोन वर्षांचं एक वर्ष करा, ही मागणी मी स्वतः अनेकदा मान्य केली आहे. मूळ प्रमाणपत्रं किंवा सही केलेला कोरा चेक मात्र कुणालाही द्यायचा नाही. "सगळेच देतात" असं म्हणाले, तर छायांकित प्रती पुढे कर आणि मूळ फक्त दाखव.

उद्या पाचच्या आत उत्तर द्यायचंय म्हणून घाई होत असेल, तर आणखी एक दिवस मागता येतो. ब्रेकअप उशिरा आला तर तेच कारण सांग. त्यापुढे ताणू नकोस, कारण यादीतल्या दुसऱ्या नंबरच्या मुलाचा फोन नंबर मॅडमच्या टेबलावरच असतो. आणि मॅडम मुदत वाढवत नाहीत, ब्रेकअपही देत नाहीत, फक्त "हो की नाही" विचारतात, असं झालं तर? तुझ्या खालच्या आकड्याशी सव्वापंधरा जुळत असतील तर हो म्हण आणि सीएमएमवर बस. वर्षभर हात बसल्यावर नाशिकमध्ये तुझा आकडा वेगळा असेल. जुळत नसतील तर "या पगारात मला नाशिकला राहणं परवडत नाही, पुढे काही बदललं तर जरूर कळवा" असं सांगून फोन ठेव. असे फोन महिन्याभराने परत येताना मी पाहिलेत. दर वेळी येतातच असं नाही.

जॉइन झालीस की पहिल्या महिन्याची पगार स्लिप ब्रेकअपच्या शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून बघ. बेसिक, भत्ते, पीएफ, ईएसआय, आणि व्यवसाय कर चुकून कापलाय का तेही. काही सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना सरसकट दोनशे लावून ठेवलेले असतात, आणि मुलींचे ते कापले गेलेले मीच दोनदा परत करून दिलेत. चूक दिसली तर त्याच आठवड्यात सांग. पहिल्या महिन्यात ती टायपिंगची चूक असते, सहाव्या महिन्यात "इतके दिवस का नाही बोललात?" होतं. पीएफचा यूएएन नंबर मागून घे आणि दोनेक महिन्यांनी पासबुकमध्ये पैसे जमा झालेत का बघ. कापले आणि भरलेच नाहीत, असंही लहान कारखान्यांत होतं.